भावाला वाचून दाखवलेलं कॅप्शन, आणि आता तो म्हणतोय काढून टाक

मृण्मयी_क

जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

माझा धाकटा भाऊ बोलताना अडखळतो. लहानपणापासून. काही महिन्यांपूर्वी त्याने एका कार्यक्रमात भरलेल्या सभागृहासमोर भाषण केलं. मी समोरच बसले होते. त्याचा माइकसमोरचा एक फोटो मिळाला आणि रात्री मी त्याखाली हे लिहिलं:

"शाळेत स्वतःचं नाव सांगतानाही अडखळणारा माझा भाऊ आज एवढ्या लोकांसमोर न थांबता बोलला. ज्यांनी तेव्हा हसून घेतलं होतं, त्यांनी आज ऐकायला हवं होतं."

टाकण्याआधी फोटो आणि मजकूर दोन्ही त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मूळ मसुद्यात शाळेचं नाव होतं, ते त्याने काढायला लावलं. बाकी वाचून त्याने "टाक ताई" असं लिहिलं. मग मी फेसबुकवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं, त्याला टॅग केलं, तेच इन्स्टाग्रामवर गेलं आणि घरच्या ग्रुपवरही पाठवलं. पुष्कळ प्रतिसाद आले. त्याच्या एका जुन्या शिक्षिकेने खाली फार सुंदर लिहिलं होतं. त्या आता हयात नाहीत.

गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला. "ताई, ती पोस्ट काढशील का? प्लीज." नवीन नोकरीत लागलाय तो. एवढंच म्हणाला, कारण सांगितलं नाही. मी त्याच रात्री फेसबुकवरची पोस्ट Only me केली आणि त्याला तसं कळवलं. आता प्रश्न असे:

फक्त मजकूर बदलून फोटो ठेवता येईल का, की सगळंच काढावं? बाईंच्या त्या प्रतिसादाचं काय करू? आणि ज्याने वाचून होकार दिला होता, त्याला "आता का?" असं विचारावं की विचारू नये?

स्वानंद७

सोपं आहे की. पोस्ट Edit करा, पहिलं वाक्य काढा, नुसतं "अभिमान वाटतो" ठेवा. फोटो राहील, प्रतिसाद राहतील, भाऊही खूश. सगळं उडवायची काय गरज?

लेखणी_आणि_शाई

फोटो टाकायच्या आधी ज्याचा फोटो त्याची लेखी परवानगी घेतलेली बरी. आमच्या संस्थेत आम्ही छापील नमुनाच केला आहे, त्यावर सही घेतो. सही असली की नंतर वाद होत नाही. हवा असल्यास नमुना देतो.

मृण्मयी_क

@लेखणी_आणि_शाई, धन्यवाद, पण परवानगी होती की नव्हती हा माझा प्रश्नच नाही. होकार अजूनही माझ्या फोनमध्ये आहे. तो दाखवून भावाशी भांडायचं नाहीये मला.

दप्तरदार

मी एका संस्थेचं पान आणि फोटोंचा संग्रह सांभाळतो. "काढून टाका" अशा विनंत्या नेहमी येतात, त्यामुळे यातल्या खाचाखोचा ठाऊक आहेत. स्वानंद यांचा उपाय फेसबुकवर अर्धाच लागू पडतो.

फेसबुकवर पोस्टचा मजकूर बदलला की जुना मजकूर पुसला जात नाही. पोस्ट ज्याला दिसते त्याला वरच्या तीन टिंबांत View edit history मिळतं आणि तिथे आधीची ओळ जशीच्या तशी वाचता येते. म्हणजे तुम्ही "शाळेत स्वतःचं नाव सांगतानाही" हे शब्द काढलेत आणि पोस्ट पुन्हा सगळ्यांना खुली केलीत, तर शोधणाऱ्याला ते शब्द मिळतातच, शिवाय ते काढून टाकल्याचंही कळतं. कुणाला टोचलेलं वाक्य काढायचं असेल तर मी तिथे कधीही Edit वापरत नाही. पोस्ट काढतो आणि फोटो हवाच असेल तर नव्याने टाकतो.

इन्स्टाग्रामवर जुनी ओळ बाहेरच्यांना वाचता येत नाही, नुसतं Edited दिसतं. पण तिथे दुसरीच अडचण आहे. एकाच वेळी दोन्हीकडे पोस्ट टाकली तरी त्या दोन वेगळ्या पोस्ट होतात. फेसबुकवरची लपवली म्हणून इन्स्टाग्रामवरची लपत नाही. तुम्ही फक्त फेसबुकचा उल्लेख केलाय म्हणून विचारतो, इन्स्टाग्रामवरची अजून दिसतेय का?

मृण्मयी_क

आत्ता बघितलं. दिसतेय! लगेच Archive केली. तुमच्यामुळे कळलं.

दप्तरदार

छान. Archive म्हणजे तुमच्याशिवाय कुणालाही दिसत नाही, आणि परत आणलीत तर प्रतिसादांसकट येते. विनंती आली की मी आधी हेच करतो. चर्चा, विचार, रुसवेफुगवे सगळं नंतर. कारण विनंती करणाऱ्याच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट असते, की आत्ता या क्षणी कोण वाचतंय. ती काळजी मिटली की दोघांनाही नीट बोलता येतं.

अडखळ

वाचनमात्र असतो, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी स्वतः अडखळतो. वय पस्तिशीच्या पुढे.

मृण्मयी, तुमच्या भावाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. माझ्यापुरतं सांगतो. अडखळणं रोज सारखं नसतं. एखाद्या दिवशी तासभर बोललो तरी काही होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर स्वतःचं नाव निघत नाही. अनेकांना तयारी करून केलेलं भाषण जमतं, पण चार जणांच्या बैठकीत अचानक "तुझं काय मत?" आलं की शब्द घशाशी अडतो. तुमच्या कॅप्शनमध्ये "शाळेत अडखळणारा" आणि "आज न थांबता" असं आहे. वाचणाऱ्याला वाटतं की गोष्ट संपली, मुलगा बरा झाला. मग तोच मुलगा नव्या ऑफिसात पहिल्या बैठकीत अडखळला की लोकांना वाटतं, आज याचं काहीतरी बिघडलंय. ते त्याची वाक्यं पूर्ण करायला लागतात, मान हलवून धीर देतात. हे सगळं प्रेमानेच होतं, पण बोलणाऱ्याचा जीव त्यातच जास्त गुदमरतो.

त्या रात्री त्याने होकार दिला तो मनापासूनच दिला असेल. मीही दिला असता. त्या रात्री ते खरंच होतं.

मृण्मयी_क

तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचतेय. "न थांबता" या शब्दांकडे मी या बाजूने पाहिलंच नव्हतं, आणि मला वाटतं त्यानेही त्या रात्री पाहिलं नसेल. तुम्ही लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं.

रेवती_माई

मी आजी आहे, दोन नातवंडांची. माझ्या सुनेनं मला नातीचा फोटो काढायला लावला होता. फोटोखाली मी एवढंच लिहिलं होतं की आमची छकुली अजून रात्री अंथरूण ओलं करते पण किती गोड आहे बघा. मला राग आला होता, खोटं सांगत नाही. घरातलीच माणसं तर वाचणार. पण ती म्हणाली, आई, ही बारा वर्षांची होईल तेव्हा तिच्या मैत्रिणीही वाचतील. मग काढला. हल्ली मी फोटो सुनेला पाठवते, ओळी तीच लिहिते, मी नुसता टाकते. माझ्या मनासारख्या नसतात त्या ओळी, पण चालतं.

न्यायप्रिय

भावनिक चर्चा ठीक आहे, पण आता यात कायदाही आला आहे. नेदरलँड्समध्ये 2020 मध्ये एका आजीला कोर्टाने नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवरून काढायला लावले, न काढल्यास दिवसाला 50 युरो दंड. म्हणजे कुटुंबातल्या कुणीही सांगितलं की पोस्ट काढणं बंधनकारक आहे.

दप्तरदार

निकाल खरा आहे, गेल्डरलँड न्यायालयाचा. पण त्यावरून "कुणीही सांगितलं की बंधनकारक" असं निघत नाही. तिथे मुलं लहान होती, आईने वारंवार सांगूनही आजी फोटो काढत नव्हती आणि युरोपातला व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा GDPR हा नियम लागू होता. घरगुती वापराला त्या नियमातून सूट असते. सोशल मीडियावर टाकलेला फोटो घरगुती धरायचा का, हाच तिथे कळीचा मुद्दा होता, कारण तो किती लोकांपर्यंत जातो याला मर्यादा राहत नाही. इथे भाऊ सज्ञान आहे आणि ताई काढायला तयार आहे. कोर्टापर्यंत जाणारं यात काही नाही.

न्यायप्रिय

मान्य. लहान मुलांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी एक सुचवतो. भावाने टॅग मंजुरीची सोय चालू ठेवली असती तर हे टळलं असतं. पोस्ट आधी त्याच्याकडे मंजुरीला गेली असती.

दप्तरदार

त्या सोयीने फक्त त्याच्या प्रोफाइलवर ती दिसायची थांबते. मृण्मयी यांच्या प्रोफाइलवर ती असतेच आणि त्यांच्या ओळखीचे सगळे वाचतात. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. मात्र टॅगचा मुद्दा दुसऱ्या अर्थाने महत्त्वाचा आहे. नव्या ऑफिसातल्या लोकांनी त्याचं नाव शोधलं असेल तर बहुधा टॅगमुळेच ते या पोस्टवर पोचले असतील. ताईचं नाव त्यांना कशाला ठाऊक असणार? टॅगशिवाय हीच पोस्ट फक्त तुमच्या मित्रयादीला दिसली असती, तर गोष्ट बरीच वेगळी झाली असती.

आणि म्हणूनच आधी विचारताना मी तीन गोष्टी एकत्र विचारतो. फोटो कोणता, मजकूर शब्दशः काय, आणि तो कोणाला दिसणार. पहिल्या दोन लोक पाठवतात, तिसरी बहुतेकदा राहते. माणूस मनात घरचे लोक धरून "टाक" म्हणतो. त्याला "हे सगळ्यांना दिसेल आणि तुझ्या नावाला जोडलेलं असेल" असं सांगितलं तर तो पुन्हा एकदा वाचतो. कधी मजकूर तोच राहतो आणि टॅग काढायला सांगतो, कधी उलटं.

अजून एक. मी विचारतो तेव्हा पर्याय देऊन विचारतो. "चालेल ना?" याला घरातला माणूस हो म्हणतो, कारण नाही म्हटलं तर समोरच्याचा उत्साह मोडतो. "ही ओळ ठेवू की वगळू? दोन्ही मला चालेल" असं लिहिलं की खरं उत्तर येतं. शक्यतो त्याच रात्री टाकतही नाही. सकाळी पुन्हा वाचू दे त्याला.

स्वानंद७

edit history बद्दल खरंच माहीत नव्हतं, आत्ताच माझ्या जुन्या पोस्टवर जाऊन बघितलं. सगळं दिसतंय. पण एक प्रामाणिक प्रश्न. ही गोष्ट ताईचीसुद्धा नाही का? भावाला हसणारी मुलं तिनेही पाहिली, घरी आल्यावर त्याला जवळ तिनेच घेतलं असेल. तिने स्वतःच्या मनातलं लिहिलं. भाऊ म्हणाला म्हणून तिने स्वतःचा अनुभव पुसायचा?

अडखळ

हा प्रश्न मला खोटा ठरवता येत नाही. माझी बहीणही माझ्यासाठी शाळेत भांडली होती. तिने ते लिहू नये असं मी म्हणणार नाही. पण माझं नाव आणि माझा चेहरा लावून लिहिलं की ऑफिसात त्याचं उत्तर मला द्यावं लागतं, तिला नाही. तिने फोटो आणि नाव न लावता "माझा भाऊ" एवढंच लिहिलं तर? ओळखीच्यांना कळेलच, पण नाव शोधून कुणी तिथे पोचणार नाही. मला ते चालेल. दुसऱ्याला कदाचित तेही चालणार नाही.

रेवती_माई

आणि कारण विचारायचं का, त्याचं उत्तर कुणी दिलंच नाही. मी म्हणेन विचारावं. घरात न बोलता गोष्टी केल्या की मनात अढी राहते.

दप्तरदार

माझं मत थोडं वेगळं आहे, माई. आधी काढावी, कारण विचारू नये. कारण विचारलं की माणसाला ते पटवून द्यावं लागतं आणि अशी कारणं शब्दांत मांडणं अवघड असतं. काढल्यानंतर तो आपणहून बोलला तर ऐकावं. पण मी संस्थेच्या बाजूने बघतो, घरातलं नातं वेगळं असतं हेही खरं.

रेवती_माई

तुम्ही म्हणता तेही पटतं. तरी मी विचारलं असतं.

मृण्मयी_क

काल रात्री निवांत बसले आणि एकेक करत गेले. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आधी बाईंचा प्रतिसाद. त्याचा स्क्रीनशॉट घेतला, त्यात त्यांचं नाव आणि तारीख दोन्ही येईल असा. खाली भावाने त्यांना दिलेलं उत्तर होतं, तेही घेतलं. भावाला विचारलं, हे तुला हवं का? तो म्हणाला, "हो, नक्की पाठव." पोस्ट नकोय, पण बाईंचे शब्द हवे आहेत. ते त्याला एकट्याला पाठवले.

मग टॅग काढला आणि फेसबुकवरची पोस्ट काढली. ती आता तीस दिवस Trash मध्ये राहील. मामेभावाने माझी पोस्ट शेअर केली होती, त्याच्याकडे आता "उपलब्ध नाही" असं दिसतंय. इन्स्टाग्रामवरची Archive मधून काढून पूर्ण डिलीट केली, तीही तीस दिवस Recently deleted मध्ये दिसते म्हणे.

घरच्या ग्रुपवरचं मात्र काढता आलं नाही. "सगळ्यांसाठी काढा" हा पर्याय येतच नाहीये आता.

दप्तरदार

व्हॉट्सअ‍ॅपवर तो पर्याय साधारण दोन दिवस आणि वर काही तास एवढाच मिळतो. मुदत संपल्यावर ग्रुप अ‍ॅडमिनलाही जमत नाही. आणि वेळेत काढला तरी ज्यांच्या आयफोनमध्ये फोटो आपोआप साठवला जातो त्यांच्या गॅलरीत तो राहू शकतो.

एक विनंती करतो. ग्रुपवर "सगळ्यांनी तो फोटो काढा" असं लिहू नका. आजवर ज्यांनी वर जाऊन पाहिला नव्हता तेही शोधत जातात, आणि "का? काय झालं?" सुरू होतं. भावाला नेमकं तेच नको असेल. ज्यांनी पुढे पाठवला असेल असं वाटतं त्यांना एकेकट्याला सांगा.

मृण्मयी_क

तसंच केलं. मावशीने पुढे पाठवला होता हे ठाऊक होतं. तिला लिहिलं: "मावशी, त्याच्या भाषणाचा फोटो आणि मी लिहिलेलं तू पुढे पाठवलं होतंस ना, आता कुणाला पाठवू नकोस. त्याला नको आहे. तुझ्यापाशी ठेवायला काही हरकत नाही." तिने का म्हणून विचारलं नाही, "बरं" म्हणाली.

भावालाही कळवलं, पण "सगळं काढलं" असं म्हटलं नाही. कुठून काढलं, कुठून काढता आलं नाही आणि कोणाशी बोलले ते लिहिलं. कारण विचारलं नाही. दोन तासांनी त्याचाच फोन आला. नव्या टीममधल्या एकाने पोस्ट वाचली होती आणि बैठकीत त्याच्या वतीने बोलायला लागला होता, "त्याला वेळ द्या हं" असं सगळ्यांदेखत. अडखळ, तुम्ही लिहिलं होतं तसंच.

मी त्याला म्हटलं, तुझा फोटो मला ठेवायचा आहे, भिंतीवर लावू का? म्हणाला, "भिंतीवर लाव, खाली काही लिहू नकोस."

आता एकच अडकलंय. आईने तो फोटो फेसबुकवर स्वतःचा कव्हर फोटो केलाय आणि माझा मजकूर कॉपी करून खाली चिकटवलाय. ती काढायला तयार नाही. तिचं म्हणणं, माझ्या मुलाचं कौतुक मी का लपवू? भावाने अजून तिला सांगितलेलं नाही आणि मला सांगू देत नाहीये.

न्यायप्रिय

आईचं प्रोफाइल फक्त मित्रांसाठी करून द्या, निदान बाहेरच्यांना दिसणार नाही.

दप्तरदार

कव्हर फोटोला ते लागू होत नाही. जो कव्हर सध्या लावलेला आहे तो सगळ्यांना दिसतोच, बाकी प्रोफाइल कितीही बंद केलं तरी. आईंनी दुसरा कव्हर लावला तर हा जुन्या कव्हरच्या अल्बममध्ये जातो, आणि मग त्याला Only me किंवा मित्रांपुरतं करता येतं. त्यामुळे "काढ" म्हणण्याऐवजी "आई, नवीन कव्हर लावू या का" असं म्हणून बघा. दोघांचा एखादा फोटो असेल तर तो.

अडखळ

किंवा थांबा. आईला सांगायचं की नाही हे त्याला ठरवू द्या. माझ्या आईला मी हे सांगायला बरीच वर्षं घेतली.

रेवती_माई

आईचं मन दुखवू नका पण. तिला कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं, फोनवर नाही.

मृण्मयी_क

नवीन कव्हरसाठी दिवाणखान्यातला दोघांचा एक फोटो शोधून ठेवलाय. रविवारी आईकडे जातेय. भावाला विचारलं की मी फक्त कव्हर बदलायचं सुचवू का, तुझं नाव न काढता. अजून उत्तर आलेलं नाही. ते आल्याशिवाय आईशी बोलणार नाही.